तीन पंचवीसची नोंद

३ जून २०२४ हा सोमवार होता. लोकसभा निवडणुकीचे मतदानोत्तर अंदाज शनिवारी संध्याकाळी आले होते, आणि त्या आनंदात निफ्टी सव्वातीन टक्के वर जाऊन २३,२६३.९० वर बंद झाला. मंगळवारी मतमोजणी झाली, आकडे अंदाजांप्रमाणे पडले नाहीत, आणि निफ्टी १,३७९ अंकांनी कोसळून २१,८८४.५० वर आला. आता एक साधा प्रश्न विचारू. सोमवारी दुपारी, बाजार बंद व्हायला पाच मिनिटे असताना, त्याच आठवड्यात संपणारा २२,००० चा पुट नेमका कितीला विकत मिळत होता?

प्रश्न फार जुन्या काळातला नाही. देशातल्या सर्वांत मोठ्या ऑप्शन बाजारातला, सर्वांत जास्त चर्चिल्या गेलेल्या दिवसाच्या आदल्या दुपारचा आहे. त्या क्षणी ते उत्तर लाखो मोबाइलांवर फुकट दिसत होते. आज ते हवे असेल तर दोनच मार्ग उरतात: ज्याने ते त्या वेळी साठवले त्याच्याकडे जा, किंवा शेअर बाजाराची माहिती विकणाऱ्यांना पैसे मोजा. रोज एकदा ऑप्शन चेन साठवून स्वतःचा इतिहास तयार करण्याचा उद्योग काही अभ्यासू मंडळी करतात, तो याच कारणासाठी. काम वरवर दहा ओळींच्या प्रोग्रॅमचे आहे. पण वर्षभर साठवलेला डेटा शेवटी वापरता येतो की नाही, हे ठरवणाऱ्या गोष्टी त्या दहा ओळींत नसतात.

आधी ऑप्शन म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. घराच्या व्यवहारात आपण विसार देतो आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत ठरलेल्या किमतीला घर घेण्याचा हक्क राखून ठेवतो. व्यवहार केला नाही तर विसार बुडतो. कॉल ऑप्शन साधारण तसाच: ठरलेल्या भावाला घेण्याचा हक्क. पुट त्याच्या उलट, ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क. ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक, मुदतीचा दिवस म्हणजे एक्स्पायरी, आणि हक्कासाठी मोजलेली रक्कम म्हणजे प्रीमियम. निफ्टी हा निर्देशांक असल्यामुळे प्रत्यक्ष काही द्यायचे-घ्यायचे नसते, फरकाची रक्कम रोखीत चुकती होते. राष्ट्रीय शेअर बाजारात निफ्टीचे ऑप्शन सुरू झाले ४ जून २००१ रोजी, म्हणजे त्या कोसळत्या मंगळवारच्या बरोबर तेवीस वर्षे आधी.

एका एक्स्पायरीचे सगळे स्ट्राइक एकाखाली एक मांडले, मध्ये स्ट्राइक, डावीकडे कॉल आणि उजवीकडे पुट, की झाली ऑप्शन चेन. निफ्टीचे स्ट्राइक सहसा ५० अंकांच्या अंतरावर असतात, त्यामुळे एका चेनमध्ये शंभरच्या आसपास ओळी सहज होतात. प्रत्येक ओळीत शेवटच्या व्यवहाराचा भाव असतो, दिवसभराची उलाढाल असते, न मिटवलेल्या सौद्यांचा आकडा म्हणजे ओपन इंटरेस्ट असतो. आणि त्याशिवाय असतात बिड आणि आस्क: या क्षणी सर्वांत चढा खरेदीदार किती द्यायला तयार आहे आणि सर्वांत स्वस्त विक्रेता किती मागतो आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती माहीत नसल्यामुळे पुष्कळ जण नको ते कष्ट घेतात. शेअर बाजार रोज संध्याकाळी भावकॉपी नावाची फाइल प्रसिद्ध करतो. तीत त्या दिवशीच्या प्रत्येक ऑप्शनचा उघडण्याचा, वरचा, खालचा आणि बंद भाव असतो, उलाढाल असते, ओपन इंटरेस्टही असते. ती फुकट मिळते आणि मागच्या वर्षांच्या फाइलीही मिळतात. तेव्हा तुमचा अभ्यास फक्त बंद भाव आणि ओपन इंटरेस्ट यांच्यावर चालणार असेल, तर रोज काही साठवण्याची गरजच नाही; एखाद्या रविवारी बसून जुन्या भावकॉपी उतरवून घ्या. भावकॉपीत नसतात ते बिड आणि आस्क, त्यांच्यामागची संख्या, आणि त्याच क्षणी निफ्टी कुठे होता तो आकडा. रोजच्या स्नॅपशॉटचे सारे मोल या तीन-चार रकान्यांत आहे.

बिड-आस्कचे एवढे काय? समजा, दूरच्या स्ट्राइकच्या एका पुटचा शेवटचा व्यवहार १२ रुपयांना झाला आहे, पण आता बिड ९ आहे आणि आस्क १५. कागदावर अभ्यास करणारा तो १२ ला घेतो आणि १२ लाच विकतो. प्रत्यक्षात घेताना १५ मोजावे लागतात आणि लगेच विकायला गेले तर हातात ९ पडतात. ७५ चा लॉट धरला तर एका फेरीत ४५० रुपये गेले, आणि तेही बाजार जागचा हलला नसताना. आठवड्याला दोन फेऱ्या करणारी एखादी क्लृप्ती कागदावर नफ्यात आणि खात्यावर तोट्यात का असते, याचे उत्तर पुष्कळदा या सहा रुपयांत असते. बाजाराच्या भीतीचा निर्देशांक म्हणून बातम्यांत येणारा इंडिया व्हिक्ससुद्धा शेवटच्या व्यवहाराच्या भावांवरून काढत नाहीत. तो निफ्टी ऑप्शनच्या बिड आणि आस्कवरून काढतात.

शेवटच्या व्यवहाराच्या भावाची आणखी एक खोड आहे: तो कधी झाला हे त्याच्या तोंडावर लिहिलेले नसते. चालत्या स्ट्राइकवर सेकंदाला व्यवहार होतात. पण हजार अंक दूरच्या कॉलचा शेवटचा व्यवहार सकाळी पावणेअकराचा असू शकतो, आणि दुपारी चेनमध्ये तो भाव निवांत शेजारच्या ताज्या भावांच्या रांगेत बसलेला असतो.

मग स्नॅपशॉट कधी घ्यायचा? पहिला विचार येतो तो बाजार बंद झाल्यावर, साडेतीननंतर. नेमका तोच चुकीचा. बाजार बंद झाला की प्रलंबित ऑर्डरी निघून जातात आणि बिड-आस्कचे रकाने रिकामे होतात किंवा शेवटचे शिळे आकडे दाखवत राहतात. शिवाय निफ्टीचा अधिकृत बंद भाव हा कुठल्याही एका क्षणाचा नसतो. वर्षानुवर्षे तो शेवटच्या अर्ध्या तासातल्या व्यवहारांच्या भारित सरासरीवर बेतलेल्या शेअरभावांवरून काढला जात आला आहे. ३:२९ चा ऑप्शनचा भाव आणि अर्ध्या तासाची सरासरी असलेला निफ्टी एकत्र बांधले तर शांत दिवशी फारसे बिघडत नाही. बाजार धावत असेल त्या दिवशी मात्र जोडी जुळत नाही, आणि अभ्यासाला नेमके असेच दिवस लागतात. म्हणून ३:२५. त्या वेळी बाजार जिवंत असतो, आणि जोडणी तुटली तर पुन्हा प्रयत्न करायला दोन-चार मिनिटे हाताशी असतात. ३:२० घेतले तरी चालेल. एकदा ठरवलेली वेळ मध्येच बदलली तर मात्र जुन्या आणि नव्या नोंदींना वेगळी नावे द्या, नाहीतर सहा महिन्यांनी कोणालाच आठवणार नाही.

माहिती कुठून आणायची हाही व्यवहाराचा प्रश्न आहे. शेअर बाजाराचे संकेतस्थळ चेन दाखवते, पण ते माणसांनी पाहण्यासाठी आहे; प्रोग्रॅमने वारंवार ओढायला गेले की ते दार लावते, आणि वापराच्या अटीही आड येतात. ब्रोकरच्या एपीआयचा रस्ता सरळ आहे. सकाळी ब्रोकरकडून त्या दिवशी उपलब्ध असलेल्या सगळ्या करारांची यादी उतरवायची, तीतून निफ्टीचे ऑप्शन गाळून घ्यायचे, आणि ३:२५ ला त्यांचे भाव गटागटाने मागायचे. काइट कनेक्टमध्ये एका मागणीत ५०० करारांपर्यंत भाव मिळतात आणि सेकंदाला एकच मागणी करता येते. सगळ्या एक्स्पायरी धरून बाराशे करार असतील तर तीन मागण्या, तीन-चार सेकंद. म्हणजे आपला ‘एका क्षणाचा’ स्नॅपशॉटसुद्धा काटेकोरपणे एका क्षणाचा नसतो. यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्येक गटात निफ्टीचा स्वतःचा भावही मागायचा आणि त्या गटातल्या प्रत्येक ओळीशेजारी तो लिहून ठेवायचा. अशी साठवण स्वतःच्या अभ्यासापुरती असावी. तोच डेटा इतरांना वाटायचा किंवा विकायचा असेल तर शेअर बाजाराचा परवाना लागतो.

आता साठवायचे कशात? पुष्कळ जण इथेच महिने घालवतात: कुठला डेटाबेस, कुठला क्लाउड. बाराशे ओळी गुणिले वर्षातले अडीचशे व्यवहाराचे दिवस म्हणजे वर्षाला तीन लाख ओळी. काही दशक एमबींचा मामला. संगणकावरच्या एका फाइलीत राहणारा एसक्यूलाइट दहा वर्षे पुरेल. विचार खर्चायचा तो रकान्यांवर. दोन तक्ते पुरतात: एकात प्रत्येक स्नॅपशॉटची एक ओळ, दुसऱ्यात त्यातल्या प्रत्येक ऑप्शनची एक.

```sql
CREATE TABLE snapshot (
  snap_id    INTEGER PRIMARY KEY,
  symbol     TEXT NOT NULL,
  trade_date TEXT NOT NULL,
  slot       TEXT NOT NULL,
  exch_time  TEXT NOT NULL,
  fetch_time TEXT NOT NULL,
  UNIQUE (symbol, trade_date, slot)
);
CREATE TABLE quote (
  snap_id  INTEGER NOT NULL REFERENCES snapshot,
  expiry   TEXT NOT NULL,
  strike   REAL NOT NULL,
  opt_type TEXT NOT NULL CHECK (opt_type IN ('CE','PE')),
  bid REAL, bid_qty INTEGER,
  ask REAL, ask_qty INTEGER,
  ltp REAL, volume INTEGER, oi INTEGER,
  lot_size INTEGER, spot REAL,
  PRIMARY KEY (snap_id, expiry, strike, opt_type)
);
```

पहिल्या तक्त्यात दोन घड्याळे आहेत. `exch_time` म्हणजे बाजाराने त्या भावावर मारलेली वेळ, `fetch_time` म्हणजे आपल्या संगणकाने तो उचलला ती वेळ. वरवर ही दुरुक्ती वाटते. ती का लागते हे पाहायला जानेवारी २०२४ चा एक आठवडा पुरेसा आहे.

अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेसाठी महाराष्ट्र सरकारने सोमवार, २२ जानेवारीला सार्वजनिक सुटी जाहीर केली. मुंबईचा शेअर बाजार त्या दिवशी बंद ठेवायचे ठरले आणि त्याऐवजी शनिवार, २० जानेवारीला नेहमीसारखे पूर्ण वेळ व्यवहार झाले. हे ठरले शुक्रवारी. आता सोमवार ते शुक्रवार ३:२५ ला आपोआप चालणारा प्रोग्रॅम डोळ्यांसमोर आणा. शनिवारी तो झोपला. सोमवारी शहाण्यासारखा उठला, भाव मागितले, आणि समोरून आले शनिवारचेच शेवटचे आकडे. बंद बाजारात ब्रोकर चूक दाखवत नाही, शेवटचा माहीत असलेला भाव परत करतो. प्रोग्रॅमने त्यावर २२ जानेवारीचा शिक्का मारला आणि ओळी साठवल्या. तक्त्यात आता एक खरा दिवस नाही आणि जो बंद होता त्या दिवसाचा ‘बाजार’ आहे. दोन वर्षांनी कोणी या ओळींवरून मुदत संपायला उरलेले दिवस मोजील, तेव्हा ऑप्शनचे दोन दिवसांचे आयुष्य गुपचूप गायब झालेले असेल.

म्हणून `trade_date` आपल्या संगणकाच्या तारखेवरून कधीच भरायचा नाही. तो बाजाराच्या वेळेतून काढायचा, आणि बाजाराच्या वेळेची तारीख आजची नसेल तर काही न साठवता फक्त ‘बाजार बंद’ अशी नोंद करायची. प्रोग्रॅम शनिवार-रविवारीही चालू द्या. सुट्यांची यादी बाळगण्यापेक्षा हे निर्धोक. १ फेब्रुवारी २०२५ ला अर्थसंकल्पासाठी शनिवारीच बाजार भरला होता. शिवाय प्रोग्रॅम भाड्याच्या सर्व्हरवर असेल तर त्याचे घड्याळ बहुधा ग्रीनिचच्या वेळेवर चालते. तिथे आपले ३:२५ म्हणजे सकाळचे ९:५५.

आता जूनच्या त्या सोमवारकडे परत येऊ. जागा वाचवावी म्हणून पुष्कळ जण पूर्ण चेन साठवत नाहीत. निफ्टी जिथे आहे त्याच्या वरचे दहा आणि खालचे दहा स्ट्राइक घेतात, कारण बहुतेक उलाढाल तिथेच असते. ३ जूनला निफ्टीच्या सर्वांत जवळचा स्ट्राइक होता २३,२५०. वर-खाली दहा-दहा म्हणजे २२,७५० पासून २३,७५० पर्यंत. दुसऱ्या दिवशी निफ्टी २१,८८४ वर बंद झाला, आणि जवळचा स्ट्राइक झाला २१,९००. त्याचा आदल्या दिवशीचा भाव या डेटाबेसमध्ये नाही. २२,००० चा नाही. २२,५०० चाही नाही. ज्या पुटांनी त्या मंगळवारी विमा उतरवल्यासारखे काम केले, ते सगळे खिडकीच्या बाहेर राहिले.

यातला खरा धोका रिकाम्या जागेत नाही. रिकामी जागा दिसते तरी. धोका असा की अशा डेटावर चालवलेला प्रोग्रॅम सापडतील तेवढेच सौदे तपासतो. सोमवारी लांबचा पुट विकून बसलेल्याचा मंगळवारचा तोटा त्याला सापडतच नाही, कारण सोमवारी तो पुट विकल्याचा भावच नोंदलेला नाही. प्रोग्रॅम तो सौदा ‘माहिती नाही’ म्हणून वगळतो आणि पुढे जातो. शांत दिवसांचे नफे मोजले जातात, वादळाच्या दिवसाचा तोटा मोजणीतून गळतो. निष्कर्ष निघतो की लांबचे ऑप्शन विकणे हा सुखाचा धंदा आहे. वर पाहिले तसे जागेचा खर्च नगण्य आहे, तेव्हा पूर्ण चेनच साठवावी. सगळे स्ट्राइक, निदान जवळच्या पाच-सहा एक्स्पायरी.

एखाद्या ऑप्शनची ओळख कशी लिहायची, यातही एक खाच आहे. ब्रोकर प्रत्येक कराराला एक क्रमांक देतो, आणि तोच क्रमांक तक्त्याची किल्ली म्हणून वापरण्याचा मोह होतो. पण मुदत संपलेल्या कराराचा क्रमांक पुढे दुसऱ्याच कराराला मिळू शकतो. मार्चमधला एक कॉल आणि जुलैमधला एक पुट मग एकाच नावाखाली सलग उभे राहतात. निर्देशांक, एक्स्पायरी, स्ट्राइक आणि कॉल की पुट, या चौघांची मिळून होते तीच खरी ओळख. एक्स्पायरीची तारीखही यादीतून जशी येते तशी लिहावी, वारावरून हिशेबाने काढू नये. निफ्टीच्या आठवडी ऑप्शनची मुदत ऑगस्ट २०२५ पर्यंत गुरुवारी संपत असे, सप्टेंबर २०२५ पासून ती मंगळवारी संपू लागली; शिवाय त्या दिवशी सुटी आली की मुदत आदल्या व्यवहाराच्या दिवसावर जाते.

`lot_size` हा रकाना बहुतेक जण विसरतात, आणि पुढे तोच सर्वांत जास्त छळतो. निफ्टीचा लॉट २६ एप्रिल २०२४ पासून ५० वरून २५ झाला. मग सेबीने कराराची किमान किंमत वाढवली, आणि २० नोव्हेंबर २०२४ पासून नव्याने सुरू झालेल्या करारांना ७५ चा लॉट लागू झाला. आधीपासून चालू असलेले जवळचे करार मुदत संपेपर्यंत २५ वरच राहिले. म्हणजे डिसेंबर २०२४ मध्ये एकाच दिवशी, एकाच निफ्टीच्या चेनमध्ये, २६ डिसेंबरच्या एक्स्पायरीचा लॉट २५ होता आणि २ जानेवारीच्या एक्स्पायरीचा ७५. तारखेवरून लॉट ठरवणारा प्रोग्रॅम इथे हमखास चुकतो. लॉट कराराबरोबर जातो, म्हणून तो प्रत्येक ओळीत हवा.

चुकले तर काय दिसते? ओपन इंटरेस्ट काही ठिकाणी लॉटमध्ये सांगतात, काही ठिकाणी नगांमध्ये. भावकॉपीत ती नगांमध्ये असते, कित्येक पडद्यांवर लॉटमध्ये. समजा एका स्ट्राइकवर २५ लाख नगांचे सौदे उभे आहेत. २५ च्या लॉटने ते एक लाख लॉट होतात, ७५ च्या लॉटने ३३,३३३. आलेखावर दोन-तृतीयांश लोक बाजार सोडून गेल्यासारखी दरी दिसते. गेलेले कोणीच नसते. आलेला आकडा आणि त्याचा लॉट, दोन्ही जसेच्या तसे ठेवले तर ही दरी नंतर बुजवता येते.

याच न्यायाने काढलेले आकडे आणि आलेले आकडे वेगळे ठेवावेत. चेनमध्ये इम्प्लाइड व्होलॅटिलिटीचा एक रकाना असतो, म्हणजे ऑप्शनच्या भावातून उलटा काढलेला, बाजार किती हलेल याचा अंदाज. तो कुणीतरी आपापला व्याजदर आणि आपापली मुदत मोजण्याची पद्धत धरून काढलेला असतो, आणि बऱ्याचदा त्याच शिळ्या शेवटच्या भावावरून. भाव, निफ्टी आणि वेळ जवळ असली की तो आकडा आपल्याला केव्हाही काढता येतो. उलट दिशेने जाता येत नाही. ज्या दिवशी बिड नसते त्या दिवशीचे `bid` रिकामे म्हणजे NULL ठेवावे, शून्य भरू नये. एपीआय अशा वेळी शून्यच पाठवतो. ते किंमत म्हणून शिरले की बिड आणि आस्कचा मध्य आस्कच्या निम्मा होतो, आणि कुठलीही चूक न दाखवता सगळा हिशेब वाकडा जातो. आणि एपीआयकडून आलेले मूळ उत्तर रोज एका दाबलेल्या फाइलीत वेगळे ठेवून द्या. आपल्या वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोष होता हे आठ महिन्यांनी कळते, तेव्हा त्या फाइलीच उपयोगी पडतात.

साठवलेला स्नॅपशॉट निरोगी आहे की नाही हे ओळखायची एक सुंदर सोय ऑप्शनच्या स्वभावातच आहे. एकाच स्ट्राइकचा कॉल घेतला आणि पुट विकला, तर हातात येते ती मुदतीच्या दिवशी त्या भावाला निफ्टी घेतल्याची स्थिती. म्हणून स्ट्राइक अधिक कॉलचा भाव वजा पुटचा भाव, हा आकडा कुठल्याही स्ट्राइकवरून काढला तरी जवळपास एकच यायला हवा: मुदतीच्या दिवसासाठी बाजाराने धरलेला निफ्टी. समजा निफ्टी २५,००० आहे आणि मुदतीला एक आठवडा. २५,००० चा कॉल १६५ आणि पुट १४० असेल तर आकडा येतो २५,०२५. आता २४,००० चा स्ट्राइक घ्या. कॉलचा शेवटचा व्यवहार १,०८० ला, पुट १२ ला. आकडा येतो २५,०६८, म्हणजे ४३ अंकांचा घोळ. पण त्याच कॉलचे बिड १,०२० आणि आस्क १,०५५ आहे, मध्य १,०३७.५० धरला की आकडा येतो २५,०२५.५०. म्हणजे १,०८० चा तो व्यवहार निफ्टी वर असतानाचा, सकाळचा होता. आठवड्याच्या मुदतीत व्याजाचा फरक या हिशेबात एखाद्या अंकाचा असतो, तो सोडून देता येतो.

```sql
SELECT c.strike,
       c.strike + (c.bid+c.ask)/2 - (p.bid+p.ask)/2 AS fwd
FROM quote c JOIN quote p USING (snap_id, expiry, strike)
WHERE c.opt_type='CE' AND p.opt_type='PE'
  AND c.snap_id = 612 AND c.expiry = '2024-06-06';
```

निफ्टीच्या आसपासच्या वीस-तीस स्ट्राइकवर `fwd` काही अंकांच्या पट्ट्यात राहिला, तर स्नॅपशॉट चांगला. सगळ्यांचा एकदम सरकला असेल तर `spot` चुकीच्या वेळेचा आहे. टोकाच्या स्ट्राइकवर विखुरला तर घाबरायचे कारण नाही, तिथे बिड-आस्कचे अंतरच रुंद असते. इंडिया व्हिक्सच्या पद्धतीतसुद्धा हे अंतर मध्याच्या ३० टक्क्यांहून जास्त असेल तर तो भाव थेट वापरत नाहीत. दुसरी तपासणी संध्याकाळी भावकॉपी आल्यावर करायची. ३:२५ पर्यंतची उलाढाल पूर्ण दिवसाच्या उलाढालीपेक्षा जास्त असूच शकत नाही. ती एका जरी ओळीत जास्त निघाली, तर लॉट आणि नग यांची गल्लत आहे किंवा दिवसांची.

एवढे सगळे करूनही काही दिवस सुटणारच. सकाळी ब्रोकरकडे लॉगिन करायचे राहिले, वीज गेली, सर्व्हरने मान टाकली. सुटलेला दिवस मागच्या-पुढच्या दिवसांच्या सरासरीने भरू नये, आणि भावकॉपीतले बंद भाव त्याच तक्त्यात ३:२५ च्या नावाने घुसवू नयेत. हवे तर त्यांचा वेगळा तक्ता करावा. सुटलेल्या दिवसाची मात्र कारणासकट नोंद हवी, कारण दिवस सुटतात ते नशिबाने इकडेतिकडे विखरून सुटत नाहीत. ४ जूनसारख्या दिवशी सगळे एकदम ब्रोकरच्या दारात उभे असतात, जोडण्या तुटतात, मागण्यांना उत्तर येत नाही. नेमका तेव्हाच आपला प्रोग्रॅम रिकाम्या हाताने परततो. म्हणून या डेटावर कुठलाही अभ्यास सुरू करण्यापूर्वी भावकॉपीवरून त्या काळातले निफ्टी सर्वांत जास्त हललेले पन्नास दिवस काढा आणि त्यांतले किती दिवस आपल्या तक्त्यात नाहीत ते मोजा. दहा-बारा नसतील, तर त्या डेटावरून निघालेला तोट्याचा कुठलाही आकडा कमीच असणार, असे धरून चाला.